काउंटरवर चारपाच जण एकदम आले की आधी कोणाकडे बघायचं? अनुभव येऊद्यात

खिडकीतली
काल सासूबाईंना घेऊन लॅबमध्ये गेले होते, फास्टिंग द्यायला. आम्ही दोघी, एक बाळवालं जोडपं आणि एक आजोबा, लिफ्टमधून सगळे एकदमच बाहेर पडलो. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "यांनी काही खाल्लंय का?" यांनी म्हणजे सासूबाईंनी, ज्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या आणि ज्यांनी 30 वर्षं शाळेत गणित शिकवलंय. त्या मला म्हणाल्या, "सांग गं तिला, यांनी काही खाल्लेलं नाही."

हसले खरी पण त्या मुलीत मला मीच दिसले. लग्नाआधी पाच वर्षं ठाण्यात अशाच काउंटरवर होते. साडेसात ते नऊ नुसती झुंबड. मी सगळ्यांना मिळून मोठ्याने विचारायचे, "बोला, कसली तपासणी?" जो आधी बोलेल त्याची आधी पावती. एकदा असेच पाच जण आले, चार बोलले आणि तिशीतला एक मुलगा मागे पाण्याच्या मशीनजवळ उभा राहिला. मे महिना आणि अंगात जॅकेट, हात खिशात. मला वाटलं रिपोर्ट न्यायला आलाय, याला काय घाई. सगळे आटपल्यावर तो पुढे आला आणि कागद पालथा करून सरकवला. सिमेन होतं. सांगितल्याप्रमाणे डबी खिशात अंगाशी धरून आणली होती बिचाऱ्याने. ते तासाच्या आत लागतं, नाहीतर हालचाल कमी दिसते आणि रिपोर्ट उगाचच वाईट येतो. त्याला घरून निघून तासाच्या वर झालेलं, त्यातली वीसेक मिनिटं माझ्यासमोर उभं राहण्यात गेली. टेक्निशियनने घेतलं नाही, चार दिवस थांबून परत आणा म्हणाला. तो परत आला नाही.

त्यानंतर मी विचारणंच बंद केलं. आधी सगळ्यांवरून एकदा नजर, "या, एकच मिनिट हं", आणि मग "चिठ्ठ्या द्या सगळ्यांच्या". तोंडाने कोणाला काही सांगायलाच नको. चिठ्ठ्या हातात आल्या की ज्याचं घड्याळ चालू आहे तो आधी. पीपीवाला, ग्लुकोज पिऊन बसलेली गरोदर बाई, घरून सॅम्पल आणलेले. बाकीचे नंतर, आले त्या क्रमाने.

तुमचे अनुभव सांगा, काउंटरच्या आतले बाहेरचे दोन्ही.

फोडणीचा_भात
सासूबाई 😂😂 पुढे काय झालं ते सांग ना, मुलगी काय म्हणाली?

खिडकीतली
सॉरी आजी म्हणाली. त्यावर "आजी नको, बाई म्हण" 🙈

कॅशियर_निवृत्त
34 वर्षे बँकेत काढली. माझ्या मते हे सगळे लाड आहेत. लाईन म्हणजे लाईन, जो पहिला आला तो पहिला. चिठ्ठ्या गोळा करून तुम्ही क्रम बदलणार, मागून आलेला पुढे जाणार, मग भांडण कोण मिटवणार? आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक आणि अपंग यांना प्राधान्य द्यायचा रिझर्व्ह बँकेचाच आदेश आहे 2017 चा, तेवढा अपवाद ठीक. बाकी टोकन.

खिडकीतली
काका टोकन आमच्याकडेही होतं, पण टोकनला पीपी कळत नाही. आणि भांडणं व्हायचीच की. क्रम बदलताना कारण मोठ्याने सांगायचं, "यांची आठ पन्नासची वेळ आहे, ती टळली तर जेवणापासून परत करावं लागेल". हे ऐकल्यावर बहुतेक लोक गप्प बसतात. सगळे नाही.

मधुमेही_मंग्या
पीपी जेवण संपल्यापासून दोन तास ना? मी तर तसंच देतो.

खिडकीतली
नाही हो, पहिला घास घेतल्यापासून. तुम्ही अर्धा तास जेवत असाल तर तेवढा उशीर होतोय. आम्ही चिठ्ठीवरच वेळ लिहून घ्यायचो.

मधुमेही_मंग्या
अर्रर्र. मी जेवतो पण निवांत, पेपर वाचत. आणि फास्टिंगला कोरा चहा चालतो का? बायको म्हणते साखर नाही तर चालतो.

खिडकीतली
नुसतं पाणी. वहिनींना सांगू नका मी म्हणाले म्हणून.

पदर_उलगड
आमचं साड्यांचं दुकान. बस्त्याला अकरा जण एकदम चढतात, त्यात नवरीशी आधी बोलायचं ही नवीन पोरांची हमखास चूक. नवरी निवडते पण ठरवत नाही. पहिला नमस्कार सगळ्यात वयस्कर बाईंना, त्यांना भिंतीला टेकून बसायची जागा आणि पाणी. मग गप्प राहून बघायचं की साडी टाकल्यावर बाकीच्या कोणाच्या तोंडाकडे बघतात. एकदा सगळ्या जणी वळून वळून कोपऱ्यातल्या एका मावशींकडे बघत होत्या, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. माझा मुलगा नवरीच्या आईला पैठण्या दाखवत सुटलेला. मी गादीवरून उठलो, मावशींसमोर बसलो, "तुम्ही सांगा, काठ केवढा हवा". त्या म्हणाल्या, "काठाचं नंतर, आधी मानाच्या किती आणि कितीपर्यंतच्या ते लिहून घ्या". पाऊण तासात बस्ता उरकला. बजेट मी कधी विचारत नाही. एक मधली टाकतो, हात पदराकडे गेला की वर जायचं, किमतीच्या चिठ्ठीकडे गेला की खाली.

फोडणीचा_भात
दादा दुकान कुठंय, डिसेंबरात नणंदेचं लग्न आहे

पदर_उलगड
व्यनि करतो ताई

औषधवाला_रात्रपाळी
मेडिकलला तर एकदम येतात आणि एकदम बोलतात, वर एक जण गाडीवरूनच ओरडतो भाऊ एक पत्ता डोकेदुखीचा. मी एकाचं हातात घेतो, दुसऱ्याला मान हलवतो, तिसऱ्याला बोलतो "आलोच तुमच्याकडे". मान हलवली की माणूस पाच मिनिटं थांबतो, नाही हलवली की अर्ध्या मिनिटात चिडतो. तुमच्या त्या पोरासारखे आमच्याकडे रोज येतात, कंडोम नाहीतर प्रेग्नन्सी किट, आणि सगळे जाईपर्यंत जाहिराती वाचत उभे. मी त्यांना मुद्दाम शेवटी ठेवतो, त्यांना तेच हवं असतं. तुमच्या उलट झालं ना हे?

खिडकीतली
खरंय की. तुमच्याकडे त्याला वेळ हवा असतो आणि माझ्याकडे त्याचा वेळ चाललेला. बाहेरून दोघं सारखेच दिसतात.

उपाशी_आजोबांची_नात
पण ताई तुमचा क्रम मला अर्धाच पटला. आमचे आजोबा इन्सुलिनवर, रात्री आठला जेवलेले, सकाळी लॅबमध्ये चार पीपीवाल्यांना पुढे घेतलं आणि यांना दरदरून घाम. त्यांचं पण घड्याळ चालूच होतं की, फक्त चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

खिडकीतली
हे माझ्या डोक्यातच नव्हतं तेव्हा. चिठ्ठीवर नुसतं फास्टिंग असतं, इन्सुलिन कुठे लिहिलेलं असतं. विचारायला हवं होतं बहुतेक, पण मग परत सगळ्यांसमोर विचारणं आलंच. आजोबा बरे ना?

उपाशी_आजोबांची_नात
हो, खिशात खडीसाखर असते त्यांच्या. टेस्ट मात्र दुसऱ्या दिवशी परत.

कॅशियर_निवृत्त
म्हणून म्हणतो टोकन.

चौतिशीतली_काकू
मूळ प्रश्न राहू दे बाजूला, मला मागच्या आठवड्यात काउंटरवरचा पंचविशीचा घोडा "काकू तुम्ही बोला आधी" म्हणाला. नंबर पहिला मिळाला तरी मी अजून चिडलेली आहे.

पदर_उलगड
म्हणून आम्ही साठपर्यंत सगळ्यांना ताईच म्हणतो

फोडणीचा_भात
दादा व्यनि आला नाही अजून