मदत हवी आहे: बेरीज १/२ च्या आसपास अडकते, हवंय ७/१२

अडकलेला_गडी: दोन तास गेले. सगळ्यात लहान पद घेऊन पदांच्या संख्येने गुणलं, तर १/२ च्याही खाली येतंय. ७/१२ पेक्षा मोठी दाखवायची आहे. जरा लवकर सांगा.

खडूफळा: अहो, कसली बेरीज? पदं तरी लिहा.

अडकलेला_गडी: लिहिली असं वाटलं. १/१०१ + १/१०२ + … + १/२००. २०० − १०१ = ९९ पदं, म्हणून ९९/२००.

खडूफळा: पदं १०० आहेत. १०१ ते १०३ बोटावर मोजा, तीन भरतात आणि वजाबाकी दोन येते. म्हणजे बेरीज १००/२०० पेक्षा मोठी आणि १००/१०१ पेक्षा लहान.

रात्रपाळी: सोप्पं आहे, उत्तर १. मुलीला हेच आलं होतं: n/(n²+१) पासून n/(n²+n) पर्यंत. दोन्ही टोकं १ कडे जातात, मधली बेरीज जाणार कुठे?

खडूफळा: ते गणित वेगळं. तिथे पहिलं आणि शेवटचं पद जवळजवळ सारखं, म्हणून चिमटा घट्ट बसतो. इथे पहिलं पद शेवटच्याच्या जवळपास दुप्पट आहे. १/१०१ च्या जागीही १/२०० धरलं की निम्मा माल सांडलाच.

घाईत_आहे: एवढा खटाटोप कशाला? १/x चं १०० ते २०० समाकलन घ्या, log २ म्हणजे ०.६९३. बेरीज त्याहून मोठी, झालं.

खडूफळा: उलट. १/x उतरता आहे, त्यामुळे बेरीज log २ पेक्षा *लहान* आहे, सुमारे ०.६९०७. खालची मर्यादा हवी तर १०१ ते २०१ घ्या, ०.६८८ येईल. तेही चालेल, पण गड्याला समाकलन शिकवलंय का?

अडकलेला_गडी: नाही!! नववी-दहावीच्या स्पर्धा परीक्षेचं आहे.

खडूफळा: मग मधोमध तोडा. १०१ ते १५० मध्ये सगळ्यात लहान १/१५०, पदं ५०, म्हणून १/३ पेक्षा जास्त. १५१ ते २०० मध्ये ५०/२००, म्हणजे १/४. दोन्ही मिळून?

अडकलेला_गडी: ७/१२. अरे देवा. वरून पण असंच?

खडूफळा: हो. प्रत्येक तुकड्यातलं मोठं पद घ्या. १/१०१ ऐवजी १/१०० आणि १/१५१ ऐवजी १/१५० धरलं तर ५/६ च्या आत. आधी अंतर १/२ होतं, आता १/४. चार तुकडे केले की १/८.

घाईत_आहे: समाकलन म्हणजे तरी हेच की! मी तेच म्हणत होतो.

खडूफळा: दिशा चुकवून म्हणत होतात.

छेदउडवा: मधोमधच का तोडायचं? १४१ वर तोडून पाहिलं: ४१/१४१ + ५९/२०० = ०.५८५७८. ७/१२ म्हणजे ०.५८३३, त्याहून बरं.

खडूफळा: बरोबर, कारण सुरुवातीला पदं भराभर घटतात, म्हणून पहिला तुकडा आखूड हवा. पण ७/१२ मागितलंय म्हणजे १५० वरच तोडणं अपेक्षित आहे.

छेदउडवा: तीन तुकड्यांत कुठे तोडायचं? ११०-१५० वर बरं जमत नाहीये.

रात्रपाळी: पण मग उत्तर १ का नाही?