मदत हवी आहे: हे काळं-लाल फुलपाखरू कोणतं? आणि त्याच्यासाठी नेमकं कोणतं झाड लावू?

अंगणवेल:
डोंबिवलीला तळमजल्यावर राहते. मागच्या बाजूला जेमतेम दहा बाय चारची मातीची पट्टी आहे. त्यात कढीपत्ता, जास्वंद, तगर आणि आपोआप उगवलेली घाणेरी. परवा सकाळी दहाच्या सुमारास पाऊस थांबला तेव्हा एक मोठं काळं फुलपाखरू घाणेरीवर आलं. फोटो वरून काढलाय, किंचित हललाय. पंख काळे, मागच्या पंखांच्या मधोमध पांढरा डाग, कडेला लालसर चंद्रकोरी, मागे शेपट्या.

सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी "कॉमन रोझ" म्हणून अंगठे दिले. त्याला सापसंदची वेल लागते म्हणून रोपवाटिकेतून एक वेल आणलीसुद्धा. आता दोन शंका आहेत. एक, हे खरंच कॉमन रोझ आहे का? दोन, आणलेली वेल सापसंदच आहे का? तिची पानं बदामाच्या आकाराची आहेत, आणि विकणारा म्हणाला की फुलं मोठी, तपकिरी नक्षीची येतात.

गुलबक्षी:
रोझच आहे गं. लाल चंद्रकोरी, पांढरा डाग, शेपटी, अजून काय पाहिजे? माझ्याकडे वसईला दर पावसाळ्यात येतात. सापसंद लाव, महिन्याभरात अंडी दिसतील.

काटेसावर:
थांबा जरा. पंखांवरून हा निकाल देता येत नाही. कॉमन मॉर्मनच्या माद्यांचं एक रूप हुबेहूब रोझसारखं असतं, डाग आणि चंद्रकोरींसकट. अंगणवेल, फोटो मोठा करून पंख सोडून द्या आणि अंग बघा. डोकं, छातीची बाजू, पोटाचं टोक. यातलं काही लाल दिसतंय?

अंगणवेल:
फोटो खूप मोठा केला. डोकं काळं. पोटही काळंच, टोकापर्यंत. छातीची बाजू पंखाखाली झाकली गेलीय. लाल फक्त पंखांच्या कडेला आहे.

काटेसावर:
मग मी मॉर्मनची मादी म्हणेन. रोझचं अंग लाल-काळं असतं. वरून बघितलं तर पाठ काळीच दिसते, म्हणून वरून काढलेल्या फोटोत फसायला होतं. पण डोकं आणि पोटाचं टोक वरूनही लाल दिसायला हवं. मॉर्मनच्या मादीला पंखांची नक्कल जमलीय, अंग मात्र काळंच राहिलंय.

ही नक्कल कशासाठी, तर रोझची अळी सापसंदच्या कुळातल्या वेली खाते. त्या वेलीतलं विष तिच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं. एकदा रोझ तोंडात धरलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या अंगात तसलं काही नसतं, ती नुसता वेश चढवून फिरते. गंमत म्हणजे हे सोंग फक्त माद्यांचं. आणि सगळ्याच माद्या तसं करत नाहीत. काही नरासारख्याच दिसतात, काही रोझसारख्या, तर काही क्रिमझन रोझसारख्या. एकाच आईच्या पोटी वेगवेगळ्या रूपांच्या मुली निघू शकतात. कोणतं रूप घ्यायचं हे ठरवणारा जीन २०१४ साली सापडला. त्या संशोधनात बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे कृष्णमेघ कुंटे होते.

बसलेलं फुलपाखरू हातात नसेल तर उडणं बघा. रोझ संथ, आळशासारखं उडतं, कारण त्याला कुणाची भीती नाही. मॉर्मनची मादीही निवांत असताना तसंच उडते, पण जवळ जाऊन दचकवा, सोंग विसरून झपकन वळणं घेत पळते. अर्थात एवढ्यावरच मी कधी नाव देत नाही. आधी अंग, मग उडणं.

गुलबक्षी:
हं. माझ्या जुन्या फोटोंत बघितलं, दोनांपैकी एकाचं डोकं लाल आहे आणि दुसऱ्याचं नाही. म्हणजे गेली चार वर्षं मी दोघींना एकच समजत होते.

काटेसावर:
दोघी एकाच बागेत असणं साहजिक आहे. ज्याची नक्कल करायची ते आसपास नसेल तर त्या सोंगाचा फायदा काय? त्यामुळे अंगणवेलच्या भागातही रोझ असण्याची शक्यता आहे. फक्त या फोटोतलं ते नाही.

सदाफुली२१:
फुलपाखरं हवी असतील तर पेंटास, एक्झोरा, जमैकन स्पाइक, झेंडू लावा! माझ्या गच्चीत रांग लागते. घाणेरी आहेच तुमच्याकडे, ती काढू नका.

काटेसावर:
ही सगळी मधाची झाडं, ताई. विचारणाऱ्यांना अंडी घालायचं झाड हवंय. मधाला ती कुठेही बसेल, पण अंडी ठरावीक झाडावरच घालते. मॉर्मनसाठी लिंबाचं घराणं: कढीपत्ता, कागदी लिंबू, पपनस, बेल. म्हणजे अंगणवेल, तुमचं झाड आधीपासून तिथं उभंच आहे.

अंगणवेल:
अरे देवा. म्हणजे वेलीचे पैसे फुकट?

पण मग एक सांगा. गेल्या वर्षी कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या होत्या. मी मरू दिल्या नाहीत, उलट पानं संपली म्हणून बाजारातून नवीन कुंडी आणून शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या लुळ्या पडल्या, तोंडातून हिरवं पाणी, आणि संध्याकाळपर्यंत संपल्या. मला वाटलं काही रोग आला.

काटेसावर:
नव्या कुंडीवर औषध मारलेलं असणार. हिरवं ओकून एका दिवसात सगळ्या एकदम जातात तेव्हा माझा पहिला संशय औषधावरच असतो. रोग असेल तर एकेक करून जातात, अळी काळी पडते, ओघळते, वास येतो. विकायच्या कढीपत्त्यावर पान खाल्लेलं दिसू नये म्हणून काही ठिकाणी मुळातून शोषलं जाणारं औषध देतात. ते पानं धुऊन जात नाही. मी नवीन आणलेलं रोप अळ्यांपासून दोन-तीन महिने लांब ठेवतो, जुनी पानं काढून टाकतो आणि नवी फूट आल्यावरच जवळ आणतो.

अळी खरंच मॉर्मनची होती का, हेही बघायला हवं. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी, ओलसर चकचकीत. पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसते, कारण शिट कोण खाणार? शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते. डिवचली की डोक्यामागून लाल दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो.

कुंडीवाला:
माझ्या गॅलरीत लिंबाच्या कुंडीचा या अळ्यांनी खराटा केलाय. आठ होत्या. कडुनिंबाचं तेल फवारलं तर चालेल का? तुम्ही सगळे पाळायच्या गोष्टी करताय, मला घालवायच्या आहेत.

काटेसावर:
आठ अळ्या एका कुंडीला जास्तच झाल्या. फवारू नका, हाताने उचला. दोन ठेवा, बाकीच्या एखाद्या मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा. खरं खाणं शेवटच्या चार-पाच दिवसांत होतं, म्हणून काल झाड भरलेलं आणि आज काड्या असं वाटतं. फोटो टाकाल? लिंबावर लाइम बटरफ्लाय नावाचं पिवळं-काळं फुलपाखरूही अंडी घालतं, त्याची अळी बरीचशी अशीच दिसते.

कुंडीवाला:
फोटो काय काढायचा, आता सहाच उरल्यात. बुलबुलाने दोन नेल्या. फवारत नाही मग.

गुलबक्षी:
त्या वेलीबद्दल कुणी बोललंच नाही. बदामी पानं आणि तपकिरी नक्षीची मोठी फुलं म्हणजे शोभेची वेल, आपली सापसंद नाही. सापसंदची पानं लांबट, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती. फुलं छोटी. पण कुळ एकच, मग रोझच्या अळ्या त्या वेलीवर वाढायला काय हरकत आहे? माझ्याकडे वाढल्या होत्या.

काटेसावर:
माझा अनुभव उलटा. माझ्याकडे रोझने शोभेच्या वेलीवर अंडी घातली, अळ्या निघाल्या, दुसरी कात टाकायच्या आत मेल्या. दोन वेळा झालं. तुमच्याकडच्या अळ्या कशा दिसत होत्या?

गुलबक्षी:
वाइनच्या रंगाच्या, मखमली, अंगभर मऊ काटे, मध्ये पांढरा पट्टा.

काटेसावर:
मग रोझच. पट्टा नसता तर क्रिमझन रोझ म्हटलं असतं. तुमची वेल नक्की कुठली होती ते कळलं असतं तर बरं झालं असतं. मी मात्र शोभेची वेल कुणाला सुचवणार नाही. अंगणवेल, रोझ हवंच असेल तर देशी सापसंदचं रोप किंवा बी माहितीच्या माणसाकडून घ्या. आणि या कुळातली कुठलीही वेल औषधी म्हणून काढा करून पिऊ नका. गावाकडे देतात, पण तिच्यातलं आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं.

अंगणवेल:
समजलं. वेल सध्या कुंडीतच राहू दे, रोझ आलंच तर काय होतं ते लिहीन. पण आता मॉर्मनने माझ्या कढीपत्त्यावर यावं म्हणून काही करायला लागतं का? झाड पाच फूट वाढलंय, खाली बुंधाच बुंधा.

काटेसावर:
शेंडा छाटा. कोवळी फूट नसेल तर मादी घिरट्या घालून निघून जाते. आठ-दहा दिवसांत नवीन लालसर पालवी येईल. मग सकाळी बघत राहा. अंडी घालणारी मादी फुलांकडे बघतही नाही, पानापानावर पुढचे पाय आपटत फिरते, पायांनीच चव घेते. पोट वाकवून पानाला टेकवलं आणि उडाली की त्या पानावर शोधा. फिकट पिवळा, मोहरीपेक्षा लहान गोळा, एकेका पानावर एकेकच. अंडं काळं पडलं तर लगेच घाबरू नका. उबायच्या आदल्या दिवशीही ते गडद होतं. मात्र दोन-तीन दिवस काळंच राहिलं तर आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू असतं.

अंगणवेल:
पंधरा दिवसांनी लिहितेय. छाटणी केली, पालवी आली. काल सव्वा अकराला आली! पंखांवर लाल कडा, अंग काळं. तिच्या मागे एक काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं फुलपाखरू सारखं घुटमळत होतं. तिने त्याला दाद दिली नाही. चार पानांवर टेकली, मला दोनच अंडी सापडली. एकाचा फोटो टाकलाय.

काटेसावर:
अंडं मॉर्मनचं दिसतंय, पण लाइमचंही असंच असतं, त्यामुळे फोटोवरून नाही, तुम्ही मादी बघितलीत म्हणून म्हणतोय. मागे घुटमळणारा नर असावा. नरासारखी दिसणारी मादीही असते, पण मादी मादीच्या मागे अशी लागत नाही. अळी निघाली की जाळीच्या कापडाने फांदी सैलसर बांधा, कुंडीवाल्यांच्या बुलबुलाला पत्ता लागायच्या आत.

गुलबक्षी:
आणि दुसऱ्या अंड्याचं काय?

अंगणवेल:
ते आज सकाळी पानासकट गायब. आईने फोडणीला कढीपत्ता तोडला.