रणगाड्याचं युद्ध बदललं ते इंजिनामुळे की रेडिओमुळे?

वाटसरू: १९१६ साली सोमच्या लढाईत रणगाडा माणसाच्या चालीने खंदक ओलांडत होता. १९४० मध्ये जर्मन रणगाडे म्यूज नदी ओलांडून आठवड्याभरात समुद्राला भिडले. माझ्या मते हा सगळा इंजिनाचा प्रताप. तुमचं मत?

मेघना: पटत नाही. वेग नसतानाही खंदकांची रांग फोडता आली होती. काम्ब्रेला इंग्रजांचा हल्ला, २० नोव्हेंबर १९१७. ४७६ रणगाडे, खंदकात टाकायला लाकडाच्या मोळ्या, आणि आधी तोफांचा भडिमार नाही, त्यामुळे शत्रू बेसावध. एका दिवसात सात-आठ किलोमीटर आत!

वाटसरू: आणि त्याच दिवशी १७९ रणगाडे निकामी झाले, हे का सोडलंत? त्यातले निम्म्याहून जास्त बिघडून नाहीतर रुतून. दहा दिवसांनी जर्मनांनी उलटा हल्ला करून बरीच जमीन परत घेतली. टिकाऊ इंजिन नव्हतं म्हणूनच ना?

जुना घोडदळी: वाटसरू, काम्ब्रेपुरतं तुमचं बरोबर आहे. पण म्यूजकाठचं फ्रेंच गाव सदां बघा. १३ मे १९४० ला नदी ओलांडली ती जर्मन पायदळाने, रबरी होड्यांतून, डोक्यावर स्टुका विमानं असताना. रणगाडे अलीकडेच उभे होते. रात्री तरंगता पूल बांधला, मग ते पलीकडे गेले. ती रात्र फ्रेंचांच्या हातात होती. त्यांचा रणगाड्यांचा प्रतिहल्ला मात्र आदेशाची वाट बघत सकाळपर्यंत थांबला आणि ब्युल्सोंजवळ पोचला, तोवर जर्मन रणगाडे समोर आले होते. फ्रेंच गाडीत दोनच माणसं: एक चालक, दुसऱ्याने बघायचं, तोफ भरायची, नेम धरायचा आणि हुकूमही द्यायचे. रेडिओ नाही. जर्मन पँझर-३च्या बुरुजात तिघे, म्हणून कमांडर फक्त लढाई बघायचा.

नगरला शिकून मी पुढे वाळवंटात सराव केला. एकदा माझ्या ट्रूपचा रेडिओ बंद पडला. तिन्ही गाड्या ठणठणीत, पण वीस मिनिटं जागच्या जागी. शेवटी मी उतरून धावत निरोप दिला.

रानवारा: पण आता ड्रोन आल्यावर रणगाडा संपलाच ना?

मेघना: रानवारा, प्रश्न १९४० पर्यंतचा आहे, ड्रोनसाठी वेगळा धागा काढा. काका, तुम्ही सगळं श्रेय रेडिओला देताय. ब्युल्सोंला फ्रेंच तोफांचे गोळे जर्मन चिलखत भेदत नव्हते, हेही धरा. आणि विमानांनी फ्रेंच तोफखाना गप्प केला नसता, तर होड्या पलीकडे गेल्या असत्या का?

जुना घोडदळी: नसत्या, मान्य. म्हणून तर मी एकट्या रणगाड्याबद्दल बोलत नाही. २१ मेला अरासला इंग्रजांच्या मंद माटिल्डा गाड्यांनी रोमेलच्या डिव्हिजनची तारांबळ उडवली. जर्मन टँकविरोधी गोळे त्यांच्यावर आपटून उडत होते. शेवटी ८८ मिमी विमानविरोधी तोफा आडव्या धरून त्यांना थांबवलं. तिथे वेग कुठे होता?

वाटसरू: पण माटिल्डा थांबल्याच ना, काका! मागे पुरेसं पायदळ नव्हतं, विमानं नव्हती, हे मी मानतो. तरी ताशी १३ किलोमीटरची गाडी समुद्राजवळच्या अबव्हिलपर्यंत पाच-सहा दिवसांत पोचली असती, हे मला कोणी पटवून द्या.