मदत हवी आहे: बेपत्ता महिलेच्या बातमीतील छायाचित्र काढावे की ठेवावे?

रात्रपाळी
नमस्कार. मी एका लहान बातम्यांच्या संकेतस्थळावर उपसंपादक आहे. काल दुपारी आम्ही एका बेपत्ता महिलेची बातमी नाव आणि छायाचित्रासह दिली. आज सकाळपासून तिच्या भावाने तीन वेळा फोन करून छायाचित्र काढून टाकण्याची मागणी केली आहे, तर तिचे पती दर तासाला नवे छायाचित्र पाठवत आहेत. त्यातच ती बसस्थानकावर कोणासोबत तरी दिसल्याचा एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. संपादकांना संध्याकाळी सहापर्यंत ‘गूढ वाढले’ अशा मथळ्याची पुढची बातमी हवी आहे. छायाचित्र ठेवायचे की काढायचे, एवढेच कृपया सांगावे. तात्त्विक चर्चेला माझ्याकडे वेळ नाही.

जुना_बातमीदार
एवढ्या माहितीवर हो किंवा नाही असे उत्तर देता येणार नाही. महिलेचे वय किती आहे? पोलिसांनी अधिकृत पत्रक काढले आहे, की तुम्ही समाजमाध्यमावरची पोस्ट उचलली? छापलेले छायाचित्र पत्रकातले आहे की कुटुंबाकडून मिळालेले? तक्रार कोणी नोंदवली? आणि भावाने कारण काय सांगितले?

रात्रपाळी
हे सर्व उघड आहे असे मला वाटले होते. वय ३१ वर्षे. पोलिसांचे पत्रक परवा रात्री आले. त्यातले छायाचित्र ओळखपत्रावरचे आणि अंधुक होते, म्हणून आम्ही पतींनी पाठवलेले वापरले. त्यात तिच्या कडेवर त्यांचे मूल होते. मुलाचा चेहरा आम्ही कापला, तरी त्याचा चिमुकला हात तिच्या खांद्यावर दिसतोच. तक्रार पतींनी नोंदवली आहे. भाऊ कारण सांगत नाही. ‘तुम्ही आधी पोलिसांशी बोला’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणतो.

अश्विनी_क
तक्रार नोंदवण्यासाठी चोवीस तास थांबावे लागते, ही समजूत चुकीची आहे, हे आधी लक्षात घ्या. आमचे काका विस्मरणाच्या आजारामुळे घराबाहेर पडले, तेव्हा आम्ही तासाभरातच तक्रार दिली, छायाचित्र शेकडो लोकांना पाठवले आणि स्वतःचा फोन क्रमांकही दिला. काका दुसऱ्या दिवशी सापडले, तेही एका अनोळखी माणसाने छायाचित्र ओळखल्यामुळे. तेव्हा छायाचित्र मुळीच काढू नका, उलट जितके पसरेल तितके पसरवा. एक त्रास मात्र झाला. ‘काका आमच्याकडे आहेत, पैसे पाठवा’ असे दोन फोन आले आणि दोन्ही खोटे निघाले.

जुना_बातमीदार
अश्विनीताई, तक्रार नोंदवून झालेली आहे. धागाकर्त्याचा प्रश्न बातमीचा आहे. तुमच्या अनुभवातले ते दोन फोन मात्र महत्त्वाचे आहेत. बातमीत संपर्कासाठी फक्त पोलिसांचा क्रमांक असावा तो याचसाठी, कारण कुटुंबाचा क्रमांक छापला की फसवणूक करणाऱ्यांना थेट दार उघडते.

तुमच्या काकांचे आणि या महिलेचे प्रकरण एका मापाने मोजता येणार नाही. विस्मरण झालेला वृद्ध माणूस किंवा लहान मूल हरवले असेल, तर लवकर आणि दूरवर पोहोचणे हेच हिताचे असते. सज्ञान व्यक्ती स्वतःहून निघून गेलेली असण्याची शक्यता असेल, तर तिला शोधणारा कोण आहे हा प्रश्न आधी येतो. घरातल्या छळातून बाहेर पडलेल्या व्यक्तीच्या नावानेही ‘बेपत्ता’ अशी तक्रार होऊ शकते, आणि तक्रार करणारा तोच माणूस असू शकतो ज्याच्यापासून ती दूर गेली. इथे तसेच आहे असे मी म्हणत नाही. पण कारण न सांगता ‘पोलिसांशी बोला’ म्हणणारा भाऊ काहीतरी सुचवतो आहे, एवढे बातमीदाराच्या कानाला जाणवायला हवे.

आता तपास अधिकाऱ्यांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. आवाहन अजून लागू आहे का, कोणते छायाचित्र वापरलेले त्यांना चालेल, आणि त्यांना माहीत असलेली पण छापायला नको अशी एखादी बाब आहे का. उत्तर येईपर्यंत पतींकडचे छायाचित्र उतरवून पत्रकातले लावा. आणि भावाने फोन केला होता, हे पतींना चुकूनही कळू देऊ नका.

तर्कट
हे फारच झाले. पोलिसांनी आवाहन काढले म्हणजे ती माहिती सार्वजनिक झाली. पोलीस जे देतील ते छापावे, कारण गाळणी लावणे हे आपले काम नाही. शिवाय आपण गप्प बसलो की अफवाच बोलू लागतात.

मधुरा_दे
तुमचे शेवटचे वाक्य बरोबर आहे, त्याआधीची नाहीत. इंग्लंडमध्ये लँकशायरला २०२३ च्या जानेवारीत एक महिला नदीकाठावरून बेपत्ता झाली. फेब्रुवारीत पोलिसांनी स्वतःच तिच्या मद्यपानाविषयी आणि रजोनिवृत्तीच्या त्रासाविषयी जाहीर निवेदन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉलेज ऑफ पोलिसिंग’च्या स्वतंत्र आढाव्याने, तो तपशील उघड करणे टाळता येण्याजोगे आणि अनावश्यक होते, असा निष्कर्ष काढला. म्हणजे पोलिसांनी दिलेली प्रत्येक गोष्ट छापण्याजोगी असतेच असे नाही. हा तपशील वाचून रस्त्यावरचा माणूस तिला ओळखू शकेल का, एवढे विचारले असते तरी तो वगळता आला असता.

त्याच आढाव्याने दुसरीही चूक दाखवली. पत्रकारांना प्रसिद्धीसाठी नसलेली पार्श्वभूमी विश्वासाने सांगितली गेली नाही, त्यामुळे माहितीची पोकळी राहिली आणि तर्कवितर्कांना मोकळे रान मिळाले. जुना_बातमीदार यांनी सुचवलेला तिसरा प्रश्न म्हणूनच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तर्कट
पोकळी राहते हे तुम्हीही मान्य करता. मग बसस्थानकाची अफवा छापून तिच्याखाली ‘पोलिसांचा दुजोरा नाही’ असे लिहिले, तर बिघडले कोठे?

मधुरा_दे
वाचकाच्या लक्षात बसस्थानक राहते आणि दुजोरा नसल्याची ओळ विसरली जाते, एवढेच बिघडते. २०१३ मध्ये बॉस्टनच्या स्फोटांनंतर, महिनाभरापूर्वी बेपत्ता झालेल्या एका विद्यार्थ्याला ‘रेडिट’वरच्या हौशी शोधकर्त्यांनी संशयित ठरवले. त्याच्या शोधासाठी कुटुंबाने काढलेल्या फेसबुक पानावर इतकी शिवीगाळ झाली की ते पान त्यांना बंद ठेवावे लागले. पुढे काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला आणि स्फोटांशी त्याचा काहीही संबंध नव्हता हे स्पष्ट झाले. ज्या पानावर खरी खबर यायची, तेच पान अफवेमुळे बंद झाले होते. अफवेमुळे एखाद्या निरपराध माणसावर लोक चाल करून जाण्याचा धोका असेल, तरच मी खंडन छापीन, आणि तेव्हाही मूळ आरोपाचे शब्द पुन्हा लिहिणार नाही.

जुना_बातमीदार
रात्रपाळी, त्या फिरत्या संदेशात नेमके काय लिहिले आहे? शब्द तसेच्या तसे सांगू नका, फक्त एक सांगा. तुमच्या बातमीत किंवा पत्रकात नसलेला एखादा तपशील त्यात आहे का?

रात्रपाळी
आहे. तिच्याजवळच्या एका वस्तूचे रंगासह वर्णन आहे. आमच्या बातमीत ते नव्हते आणि पत्रकातही नाही.

जुना_बातमीदार
मग तो संदेश जसा आला तसा, कधी आणि कोणाकडून आला या माहितीसह, पोलिसांकडे द्या आणि स्वतः एक अक्षरही छापू नका. आलेला फोन खरा की खोटा हे पारखण्यासाठी तपास अधिकारी अनेकदा एखादा तपशील मुद्दाम राखून ठेवतात. तो छापला गेला, की दुसऱ्या दिवसापासून फोन करणाऱ्या प्रत्येकाला तीच वस्तू ‘दिसलेली’ असते. ते सगळेच खोटे बोलत असतात असे नाही. वाचलेले आणि पाहिलेले आठवणीत एकत्र होऊन जाते. पारखण्याची खूण मात्र कायमची जाते.

रात्रपाळी
आताच तपास अधिकाऱ्यांशी बोलणे झाले. त्या वस्तूचा उल्लेख करताच त्यांनी मला थांबवले, तो संदेश कोणी पाठवला हे दोनदा विचारले आणि ही गोष्ट कोठेही येऊ देऊ नका असे बजावले. आवाहन लागू आहे, पण केवळ पत्रकातले छायाचित्र वापरावे अशी त्यांची सूचना आहे. छायाचित्र बदलले. बातमीखालच्या प्रतिक्रियाही बंद केल्या, कारण तिथे एकाने तिच्या माहेरचा पत्ता लिहिला होता. ‘गूढ वाढले’ ही बातमी गेली नाही. तिच्याऐवजी हा मजकूर दिला आहे, चूक असेल तर सांगा:

‘शनिवारी सकाळपासून संपर्कात नसलेल्या ३१ वर्षीय महिलेविषयी माहिती देण्याचे आवाहन पोलिसांनी केले आहे. तिची उंची, अंगावरचे कपडे आणि ती शेवटची दिसली ते ठिकाण पत्रकाप्रमाणे खाली दिले आहे. माहिती असल्यास ती समाजमाध्यमावर न लिहिता थेट पोलिसांना कळवावी.’

मधुरा_दे
मजकूर ठीक आहे. ‘पत्रक अमुक वेळेपर्यंतचे’ अशी वेळ घाला, म्हणजे उद्या कोणी जुने कात्रण फिरवले तरी ते जुने असल्याचे कळेल.

रात्रपाळी (दुसऱ्या दिवशी)
ती सुखरूप असल्याचे पोलिसांनी सकाळी कळवले. कोठे आहे ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दहाच मिनिटांत पतींचा फोन आला आणि ‘तुम्हाला पत्ता कळला असेलच’ असे ते म्हणाले. मी पोलिसांकडे बोट दाखवले. आता जुन्या बातमीचे काय करू? शोधयंत्रात तिचे नाव टाकले की पहिली आमचीच बातमी येते.

तर्कट
सोपे आहे. `robots.txt` मध्ये त्या पानाला मनाई करा, म्हणजे ते शोधात दिसणार नाही.

संकेत_रक्षक
हा उपाय अर्धवट आहे. मनाई केली की शोधयंत्र पान वाचत नाही, पण आधी नोंदवलेला पत्ता निकालांत तसाच राहू शकतो. पान वाचू द्या आणि त्याच्या शीर्षभागात हे लिहा:

```html
<meta name="robots" content="noindex">
```

ही ओळ वाचता यावी यासाठीच `robots.txt` मध्ये मनाई नसावी. छायाचित्राची फाइलही सर्व्हरवरून वेगळी पुसा, कारण बातमीतून चित्र काढले तरी फाइलचा स्वतंत्र पत्ता चालू राहतो. त्यानंतर गूगलच्या ‘Refresh Outdated Content’ या साधनातून विनंती करा. लोकांच्या फोनवर गेलेल्या प्रती मात्र परत आणता येणार नाहीत.

अश्विनी_क
पान पूर्ण पुसू नका. काका सापडल्यावरही कित्येक महिने त्यांचे छायाचित्र फिरत होते आणि लोक फोन करत होते. दुव्यावर येणाऱ्याला ‘सापडल्या’ एवढे तरी दिसले पाहिजे.

जुना_बातमीदार
मला पूर्ण पुसणेच योग्य वाटते. ती सज्ञान आहे, कोणताही गुन्हा नोंदलेला नाही, आणि आपल्या आयुष्यातले हे चार दिवस तिने कोणाला समजावून सांगावेत असे काही कारण नाही. पण ताईंचा मुद्दा मला खोडताही येत नाही.

रात्रपाळी
तूर्त ताईंचे ऐकले आहे. नाव, छायाचित्र आणि मजकूर काढून, पोलिसांच्या माहितीनुसार संबंधित व्यक्ती सुखरूप असून शोध थांबवला आहे, एवढी एकच ओळ ठेवली आहे. `noindex` लावले आणि छायाचित्राची फाइल पुसली. आत्ता लक्षात आले की बातमीच्या पत्त्यातच तिचे नाव रोमन लिपीत आहे. तो पत्ता बदलून जुन्यावरून नव्याकडे वळवावे, तर फिरत्या दुव्यांत नाव राहतेच, आणि जुना पत्ता बंद केला तर ‘सापडल्या’ ही ओळ कोणापर्यंतच पोहोचणार नाही. तिचे म्हणणे काय आहे हे पोलिसांमार्फत विचारता येईल का, असे मी तपास अधिकाऱ्यांना लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.