मदत हवी आहे: बाजूच्या चित्रीकरणावरून गोलंदाजाच्या कोपराचा कोन मोजता येईल का?

नमस्कार. एका ऑफस्पिनरचे २४० फ्रेम प्रतिसेकंद वेगाने बाजूने केलेले चित्रीकरण मी एकेक फ्रेम सरकवत पाहतो आणि MediaPipe या चित्रातील शरीराचे सांधे ओळखणाऱ्या संगणकीय साधनाने दिलेल्या खांदा, कोपर व मनगट या बिंदूंवरून कोन काढतो. आयसीसीच्या नियमानुसार हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होता कामा नये; माझ्या मोजणीत तो २५ अंशांनी होतो. मात्र याच वेळी दंड स्वतःभोवती फिरत असल्याने, मुरलीधरनप्रमाणे मुळातच वाकलेला कोपरही सपाट चित्रात सरळ होताना भासतो, आणि धूसर फ्रेममध्ये मनगटाचा बिंदू उडी मारतो. दोन समकालिक कॅमेऱ्यांनी हा भास कितपत दूर होईल, की त्वचेवर खुणा चिकटवण्यावाचून गत्यंतर नाही? अनुभवींनी कृपया सांगावे.