मदत हवी आहे: नवऱ्याच्या पाहुण्यांना 'नको' कसं म्हणू? (इंदूर)

बारीकशेव: नवऱ्याचा आतेभाऊ पुण्याहून सहकुटुंब येतोय. सहा माणसं, चार दिवस. उज्जैन, ओंकारेश्वर सगळं आमच्याकडे राहून. भस्मारतीला रात्री दीडला निघणार, म्हणजे सगळं घर जागं. होळीनंतरची ही तिसरी टोळी. नवऱ्याला नाही म्हणायचंय, पण अबोला नको आणि नंतर मन मला खात बसायलाही नको. लवकर सांगा.

माळव्याचा_मामा: भस्मारतीचं बुकिंग झालंय का? आयत्या वेळी मिळत नाही.

बारीकशेव: मामा, मला नाही जायचंय!

चिमणबाग: परस्पर उज्जैनला हॉटेल बुक करून टाका. मी तेच केलं होतं.

स्नेहलता_व: मग नवरा काय म्हणाला?

चिमणबाग: आठ दिवस बोलला नाही. पण पाहुणे टळले ना!

स्नेहलता_व: बारीकशेव, त्याच्याशी नेमकं काय बोललात? आणि त्याने भावाला होकार कळवलाय का?

बारीकशेव: उद्या कळवायचाय. मी म्हटलं, ऑफिसात काम फार आहे. तो म्हणाला, पोहे बाहेरून आणू, पोळ्यांना बाई लावू. मग मी म्हटलं, 'बघू'.

स्नेहलता_व: तिथेच घोळ झाला. कामाचं कारण दिलंत, त्याने ते सोडवलं, आता नाही म्हणायला उरलं काय? आणि 'बघू' त्याने 'हो' धरलं असणार. आज स्पष्ट सांगा: "मुक्काम मला झेपणार नाही. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावू, मी मनापासून करीन." एवढंच. मागच्या दोन टोळ्यांचा हिशोब काढू नका, तो आतेभावाची वकिली करायला लागेल. फोन त्यानेच करायचा, आणि "हिला नकोय" असं न म्हणता "आम्हाला जमणार नाही" म्हणायचं. तो खट्टू होईल. होऊ द्या. त्याचं तोंड उतरलं म्हणून लगेच "बरं, येऊ देत" म्हणालात, तर पुढच्या वेळी तुमच्या नाहीला किंमत राहणार नाही.

जुनी_इंदूर: आमच्या आईने वाड्यात वीस-वीस माणसं सांभाळली.

चिमणबाग: आईला कुणी विचारलं होतं का, काकू?

जुनी_इंदूर: नव्हतं. खरंय.

बारीकशेव: बोलले. "आता त्याला काय तोंड दाखवू?" म्हणाला. 'येऊ देत' अगदी ओठांवर आलं होतं, शेंगा सोलत बसले. अर्ध्या तासाने गॅलरीत जाऊन फोन केला त्याने. आत आला तो गप्पच. चहा दिला तर घेतला. रुसलाय की नुसता विचारात आहे, कळत नाही.

स्नेहलता_व: आज विचारू नका.

माळव्याचा_मामा: रविवारी दाल-बाफले करा. आणि बुकिंगचं त्यांना आजच सांगा.