एजीएममध्ये टेरेसचा खर्च कसा मांडावा?

सेक्रेटरी_राजारामपुरी: आमची २४ फ्लॅटची सोसायटी. टेरेस गळतंय. वॉटरप्रूफिंगचं इस्टिमेट ४,०२,००० रुपये, दुरुस्ती फंडात १,५०,०००. मुलानं २२ स्लाइड केल्यात. समोर ऐंशीचे आजोबा बसणार आणि नोकरीवाली पोरंही. कसं मांडू?

जुना_खजिनदार: बावीसातल्या अठरा काढा. लोकांच्या मनात एकच असतं, "दर महिन्याला भरतो ते जातं कुठं?" तुमचा मेंटेनन्स किती?

सेक्रेटरी_राजारामपुरी: १,२००. वॉचमन ५००, लिफ्ट-वीज ३००, पाणी-झाडलोट २५०, दुरुस्ती फंड १५०.

जुना_खजिनदार: मग हेच चार आकडे पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात. दुसरीवर: १५० प्रमाणे वर्षाला ४३,२०० जमतात, म्हणजे उरलेले २,५२,००० जमायला जवळजवळ सहा वर्षं. तोवर सहा पावसाळे. इथं आजोबाही मान हलवतात. तिसरीवर गळतीचे फोटो, चौथीवर प्रत्येकाचा वाटा. तेवढंच मराठीत छापून चौदा दिवस आधी नोटिशीबरोबर घरोघरी द्या. आणि हा विषय अजेंड्यात लिहा, आयत्या वेळी काढलात तर कोणीतरी हरकत घेणारच.

तालीमवाला: काय ओ, वाट्यात काय अवघड हाय? २४ नं भागा, १०,५०० आले. मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच असतोय की.

जुना_खजिनदार: सेवाशुल्क सारखं असतं, तिथंवर बरोबर. पण उपविधीत दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात आहे, वर्षाला किमान ०.७५ टक्के. मोठा फ्लॅट, मोठा वाटा.

सेक्रेटरी_राजारामपुरी: १६ फ्लॅट ६०० फुटांचे, ८ फ्लॅट ९०० चे. फुटाला १५ रुपये, म्हणजे ९,००० आणि १३,५००. ते आठजण भांडणार.

तालीमवाला: भांडणारच! टेरेस काय त्यांच्या एकट्याचं हाय व्हय?

तळमजल्याची_वहिनी: मी तळमजल्यावर. आमच्या बाथरूमच्या छतातून बारा महिने पाणी येतं. ते यात धरणार का?

जुना_खजिनदार: वहिनी, बारा महिने येतं म्हणजे ते टेरेसचं नाही, वरच्या घरातल्या पाइपचं किंवा फरशीच्या सांध्याचं असेल. तो हिशेब वेगळा. पण सेक्रेटरी, हाच प्रश्न सभेत येणार. पावसाच्या उघडिपीत टेरेसचे आउटलेट बंद करून थोडं पाणी साठवा, दोन दिवस खालचं छत बघा, फोटो काढा.

आयटीवाला_नातू: मला छापील कागद नको. तिन्ही कोटेशनची पीडीएफ ग्रुपवर टाका. सगळ्यात स्वस्तवाला जुन्या कोब्यावरच नवा थर देत असेल, तर स्लॅबवर वजन वाढणार. हे चार स्लाइडमध्ये कुठं दिसणार?

जुना_खजिनदार: याला पाचवी स्लाइड द्यावी लागेल. मान्य.

सेक्रेटरी_राजारामपुरी: आमचं ४,०२,००० चं कोटेशन जुना कोबा फोडून नव्यानं करायचं आहे. वरून थर देणारा १,१०,००० नं स्वस्त आहे. तोही आकडा दाखवला तर सभा तिकडंच झुकेल.

तालीमवाला: लपवलासा तर मीच उठून विचारणार!